गाभ्याला हात न लावता

दहा टक्क्यांहून जास्त सूट दिलेली ऑर्डर साहेबांच्या मंजुरीशिवाय गोदामातून सुटू नये, अशी कंपनीची अट आहे. पूर्वी त्यासाठी एसएपीच्या मूळ प्रोग्राममध्येच चार ओळी घुसडत. पुढे अपग्रेड आलं, की अशी प्रत्येक दुरुस्ती SPAU च्या यादीत उगवायची आणि ती ठेवायची की काढायची, हे एकेक करून ठरवावं लागायचं.

‘क्लीन कोअर’ पद्धतीत गाभा आहे तसाच राहतो. ऑर्डर नोंदली गेली, की एस/4हाना तशी सूचना पाठवतं. बाहेरच्या बीटीपी प्लॅटफॉर्मवरचं छोटं अ‍ॅप API_SALES_ORDER_SRV मधून सूट वाचतं, जास्त असेल तर डिलिव्हरी रोखतं आणि मंजुरी मिळाल्यावर मोकळी करतं.

मेख एकच: सूचना पोचेपर्यंत काही क्षण जातात, तेवढ्यात माल सुटू शकतो. म्हणून सेटिंगमधूनच प्रत्येक ऑर्डर सुरुवातीला अडवलेली ठेवावी आणि अ‍ॅपने ती फक्त सोडावी. अ‍ॅप बंद पडलं, तर ऑर्डरी तुंबतील, पण मंजुरीवाचून माल जाणार नाही. ऑर्डर सेव्हच होऊ द्यायची नसेल, तर मात्र एसएपीनेच गाभ्यात खुली ठेवलेली अधिकृत जागा, म्हणजे बॅडी, वापरावी लागते.