संचालक मंडळात कोण किती अडकतो?

16 डिसेंबर 2008 रोजी सत्यम कॉम्प्युटर्स या हैदराबादच्या कंपनीच्या संचालक मंडळापुढे एक प्रस्ताव आला. मेटास प्रॉपर्टीज ही कंपनी पूर्ण आणि मेटास इन्फ्राचे 51 टक्के भाग सत्यमने विकत घ्यावेत, किंमत सुमारे 160 कोटी डॉलर. सॉफ्टवेअरच्या कंपनीने जमिनीत आणि बांधकामात पैसा घालायचा, आणि त्या दोन्ही कंपन्या अध्यक्ष रामलिंग राजू यांच्या घरच्याच. मंडळात नामवंत प्राध्यापक होते, एका आयआयटीचे माजी संचालक होते, माजी कॅबिनेट सचिव होते. काहींनी प्रश्न विचारले, तरीही ठराव मंजूर झाला. भागधारकांनी असा गदारोळ केला की काही तासांतच व्यवहार मागे घ्यावा लागला. 7 जानेवारी 2009 रोजी राजूंनी पत्र लिहून कबूल केले की ताळेबंदात दाखवलेली सुमारे 5,040 कोटींची रोख आणि बँकेतली शिल्लक खरी नाहीच.

त्या बैठकीतल्या प्रत्येकाला आपण सरसकट ‘संचालक’ म्हणतो. कायद्याच्या नजरेत मात्र ते एकसारखे नव्हते. राजू आणि त्यांचे भाऊ हे कार्यकारी संचालक, म्हणजे रोजचा कारभार त्यांच्या हातात. बाकीचे बहुतेक बिगर-कार्यकारी. ते अधूनमधून बैठकीला येतात, पगार घेत नाहीत, फार तर बैठकीचे मानधन आणि नफ्यातला काही वाटा घेतात. त्यांतल्या ज्यांचा कंपनीशी किंवा प्रवर्तकांशी पैशाचा वा नात्याचा संबंध नाही, ते स्वतंत्र. सत्यममधल्या एका प्राध्यापकांना कंपनी सल्लागार म्हणून वेगळे पैसे देत होती, त्यामुळे ते बिगर-कार्यकारी होते, पण स्वतंत्र नव्हते.

एप्रिल 2015 मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने राजू बंधूंसह दहा जणांना दोषी ठरवले. त्यांत स्वतंत्र संचालक एकही नव्हता. हे मला योग्य वाटते. खोट्या बँक पावत्या तयार करणे हे कंपनीच्या आत चालले होते, आणि वर्षातून काही वेळा बैठकीला येणाऱ्याला ते कसे दिसणार? मेटासची गोष्ट मात्र वेगळी. तो प्रस्ताव कागदावर त्यांच्या समोर होता, विकणारा कोण आणि घेणारा कोण हे त्यांना ठाऊक होते.

कंपनी कायदा 2013 च्या कलम 149 (12) मध्ये हाच फरक शब्दांत उतरला. स्वतंत्र संचालक, तसेच प्रवर्तक नसलेला आणि कंपनीच्या प्रमुख अधिकारपदावर नसलेला बिगर-कार्यकारी संचालक, फक्त अशाच चुकीला जबाबदार धरला जातो जी मंडळाच्या कामकाजातून त्याच्या माहितीत आली आणि जिला त्याची संमती किंवा साथ होती, अथवा जिथे त्याने पुरेशी दक्षता घेतली नाही. आजच्या कायद्याची फूटपट्टी सत्यमला लावली तर एकच माणूस खोट्या शिलकीच्या बाबतीत बहुधा सुटेल आणि मेटासच्या बाबतीत त्याला उत्तर द्यावे लागेल. ‘मी रोजच्या कामात नव्हतो’ हा बचाव पहिल्या ठिकाणी चालतो. दुसऱ्या ठिकाणी चालत नाही, कारण तिथे निर्णयच मंडळाने घेतला होता.

कार्यकारी संचालकाला अशी सवलत नाही. एखादी तरतूद मोडली गेली की कायदा ‘कसूरदार अधिकारी’ शोधतो, आणि त्या यादीत पूर्णवेळ संचालक सुरुवातीलाच येतो. पिरॅमिड सायमिरा कंपनीच्या खटल्यात एका पूर्णवेळ संचालकाचे म्हणणे होते की हिशेबाचे काम आपल्याकडे नव्हतेच. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही.

नॉमिनी संचालकाची अवस्था मला सगळ्यांत अवघड वाटते. कर्ज देणारी वित्तसंस्था, गुंतवणूकदार किंवा सरकार त्याला मंडळावर पाठवते, पगार त्याचा तिकडून येतो. पण एकदा संचालक झाला की कलम 166 प्रमाणे त्याचे कर्तव्य कंपनीशी असते. समजा, कंपनीला नव्या यंत्रांसाठी पैसा राखून ठेवणे गरजेचे आहे, आणि त्याला पाठवणाऱ्या बँकेला मात्र आपले कर्ज आधी वसूल व्हायला हवे आहे. मत देताना त्याने कंपनीचे हित पाहायचे आहे, आणि संध्याकाळी त्याला बँकेतल्या वरिष्ठांना तोंड द्यायचे आहे. पूर्वी शेअर बाजाराच्या नियमांत वित्तसंस्थेचा नॉमिनी स्वतंत्र संचालक म्हणून मोजला जाई. 2013 च्या कायद्याने हे बंद केले, आणि बरे केले. जो कुणाचा तरी माणूस आहे, तो स्वतंत्र कसा?

धनादेश न वटल्याच्या खटल्यांत हे फरक सगळ्यांत स्पष्ट दिसतात. कंपनीचा चेक परत आला की तक्रारदाराचा वकील बऱ्याचदा सगळ्या संचालकांची नावे आरोपी म्हणून घालतो. 2005 च्या एसएमएस फार्मास्युटिकल्स निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की व्यवस्थापकीय संचालक पदामुळेच जबाबदार, आणि ज्याची चेकवर सही आहे तोही जबाबदार. बाकीच्यांबाबत मात्र त्या वेळी कारभार त्यांच्या हातात होता हे तक्रारीत स्पष्ट मांडावे लागते. सरकारने किंवा सरकारी वित्तसंस्थेने आपल्या अधिकाऱ्याला नॉमिनी म्हणून पाठवले असेल, तर त्याला कायद्यानेच सूट आहे. खासगी गुंतवणूकदाराच्या नॉमिनीला ती नाही.

तरीही सुटका स्वस्तात होत नाही. मोदी झेरॉक्स या कंपनीच्या एका अर्धवेळ, बिगर-कार्यकारी संचालकाला 1985 च्या परकीय चलनाच्या व्यवहारांवरून दंड झाला होता. ते पेशाने वकील, कारभाराशी त्यांचा संबंध नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने दंड रद्द केला, पण 2020 मध्ये. निर्दोष ठरण्यासाठी किती वर्षे झुंजावे लागते, हे यावरून कळते.

हे सगळे मोठ्या कंपन्यांचे झाले. वाचकांपैकी अनेकांचा संबंध येतो तो प्रायव्हेट लिमिटेडशी. समजा, चाकणला दोन भावांचा कारखाना आहे, तो चालवतो थोरला, आणि संचालक म्हणून दोघांच्या बायकांची नावे घातलेली आहेत. अशा कंपनीला स्वतंत्र संचालक नेमण्याची सक्ती नाही. पण पूर्णवेळ संचालक किंवा कंपनी सेक्रेटरी यांसारखे नेमलेले अधिकारी नसतील आणि मंडळाने कोणाला जबाबदारी लेखी सोपवली नसेल, तर कायद्याच्या दृष्टीने सगळेच संचालक कसूरदार ठरू शकतात. प्राप्तिकराची थकबाकी कंपनीकडून वसूल झाली नाही, तर ती प्रायव्हेट कंपनीच्या संचालकांकडून वसूल करता येते, आणि आपल्या हलगर्जीपणामुळे ती राहिली नाही हे सिद्ध करण्याचा भार त्या संचालकावरच असतो. ‘मी नुसती सही केली’ हे तिथे उत्तर होत नाही.

म्हणून कोणी नातलगाने किंवा मित्राने संचालक होण्याची गळ घातली, तर आधी विचारा की बैठकीचे कागद वेळेवर मिळतील का. न पटलेल्या ठरावाला विरोध केलात तर तो इतिवृत्तात नोंदवून घ्या, आणि पुढच्या बैठकीत ते इतिवृत्त मंजूर होताना तुमचे वाक्य तसेच आहे ना हे वाचून पाहा. मंडळाच्या कामकाजातून चूक कळली आणि तुम्ही हरकत घेतली नाही, तर ‘कसूरदार’ म्हणून तुमचेही नाव लागू शकते. राजीनामा दिलात तर तो लेखी द्या, पोच घ्या, आणि कंपनीने तो निबंधकाकडे कळवला का हे पाहा. नसेल तर डीआयआर-11 अर्ज तुम्हाला स्वतःलाही भरता येतो. पद सोडल्यानंतरही, तुम्ही पदावर असतानाच्या काळातल्या चुकांची जबाबदारी तुमच्यावर राहते.