वाक्यं मोजून यंत्र ओळखता येतं का?

मजकूर माणसाने लिहिला की यंत्राने, हे ओळखण्यासाठी शब्दांची सरासरी लांबी, वाचनसुलभतेचा अंक आणि वाक्यांच्या लांबीतला चढउतार ही मापं हमखास सुचवली जातात. मोजायला ती सोपी आहेत आणि त्यांतून एक नेमका आकडा मिळतो. त्यामुळे त्यांच्यावर चटकन विश्वासही बसतो.

हा मोह जुना आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूने 1787-88 मध्ये टोपणनावाने 85 निबंध प्रसिद्ध झाले. ‘फेडरलिस्ट पेपर्स’ या नावाने ते ओळखले जातात. त्यांतले 12 निबंध हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा वाद दीर्घकाळ चालला. 1941 मध्ये फ्रेडरिक मोस्टेलर आणि फ्रेडरिक विल्यम्स यांनी दोघांच्या वादातीत निबंधांतली वाक्यं मोजली. हॅमिल्टनच्या वाक्याची सरासरी लांबी निघाली 34.55 शब्द आणि मॅडिसनची 34.59. वाक्यांच्या लांबीतला चढउतारही दोघांचा जवळपास सारखाच होता. मेहनत अक्षरशः पाण्यात! पुढे मोस्टेलर आणि डेव्हिड वॉलेस यांनी किरकोळ वाटणारे शब्द मोजले. ‘अपॉन’ हा शब्द हॅमिल्टन दर हजार शब्दांत साधारण तीनदा वापरायचा, मॅडिसन क्वचितच. अशा अनेक शब्दांच्या आधारे 1964 मध्ये त्यांनी वादग्रस्त निबंधांचं पारडं मॅडिसनच्या बाजूने झुकवलं.

वाक्याची लांबी लेखकापेक्षा प्रसंगावर जास्त ठरते. तोच माणूस कोर्टाचा अर्ज लिहिताना चाळीस शब्दांचं वाक्य लिहितो आणि भावाला निरोप धाडताना चार शब्दांचं. शब्दांच्या लांबीचंही तेच. मराठीत तर शब्दयोगी अव्यय नामाला चिकटतं, त्यामुळे ‘घरासमोरच्या’ हा एकच शब्द मोजला जातो. इंग्रजीवर बेतलेली मापं जशीच्या तशी मराठीला लावली, तर साधं वाक्यही अवघड ठरू शकतं.

वाचनसुलभतेचा अंक हे वेगळं तिसरं माप वाटतं, पण रुडॉल्फ फ्लेश यांचं 1948 चं प्रसिद्ध सूत्र पाहा. त्यात दोनच गोष्टी जातात : दर वाक्यामागे किती शब्द आणि दर शब्दामागे किती उच्चारखंड. म्हणजे आधीचीच दोन मापं नव्या वेषात आली. ‘तिन्ही मापं एकच सांगतात’ म्हणून निःशंक होणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. एकाच साक्षीदाराचा जबाब पुन्हा नोंदवल्याने पुरावा वाढत नाही.

चढउतार त्यातल्या त्यात बरा. एका उताऱ्यातल्या पाच वाक्यांत 4, 19, 7, 26 आणि 9 शब्द आहेत, दुसऱ्यात 12, 14, 13, 11 आणि 15. सरासरी दोन्हींची 13. प्रमाण विचलन मात्र पहिल्यात 8.2 आणि दुसऱ्यात 1.4. यंत्राचा मजकूर पुष्कळदा दुसऱ्यासारखा सपाट असतो, यात तथ्य आहे. पण सरकारी परिपत्रकं, पाककृती आणि गाइडवरून पाठ केलेली परीक्षेतली उत्तरंही तशीच सपाट असतात. शिवाय यंत्राला ‘छोटी-मोठी वाक्यं मिसळ’ असं सांगितलं की हा आकडा लगेच बदलतो.

एवढंसं तथ्य किती कामाचं, हे हिशेबानेच कळतं. समजा, दोन्ही प्रकारच्या मजकुरांच्या सरासरीत प्रमाण विचलनाच्या निम्म्याएवढा फरक आहे. मोठ्या नमुन्यात असा फरक संख्याशास्त्राला ठळक दिसतो आणि शोधनिबंधात ‘लक्षणीय’ म्हणून छापता येतो. पण नेमकी मधोमध रेघ मारून एकेका मजकुराचा निवाडा केला, तर शंभरातले साठच बरोबर येतात. नाणं उडवूनही पन्नास आले असते.

आता शंभर निबंधांचा गठ्ठा घ्या. त्यांतले दहा यंत्राचे आहेत असं धरू. आपली कसोटी दहातले सहा पकडेल आणि नव्वद प्रामाणिक मुलांपैकी छत्तीस जणांवर बोट ठेवेल. पकडलेल्या बेचाळीस जणांत दोषी फक्त सहा, म्हणजे सातात एक.

खूप अधिक माहिती वापरणारी साधनंही इथे अडखळली आहेत. ओपनएआयने जानेवारी 2023 मध्ये आणलेलं ओळख-साधन, कंपनीच्याच चाचणीनुसार, यंत्राच्या मजकुरांपैकी 26 टक्केच पकडत होतं आणि माणसांच्या 9 टक्के मजकुरांवर आळ घेत होतं. त्याच वर्षी जुलैत, अचूकता कमी असल्याचं सांगून कंपनीने ते बंद केलं.

ही मापं अनेक खुणांपैकी एक म्हणून, मोठ्या साठ्याचा एकूण कल पाहायला जरूर वापरावीत. पण एखाद्या विद्यार्थ्याच्या निबंधावर शंका असेल, तर शिक्षकांनी त्याचा कच्चा मसुदा मागावा, त्याला समोर बसवून दोन प्रश्न विचारावेत. वाक्यांच्या सरासरीवरून त्याचे गुण कापू नयेत.