खोक्यातली चिठ्ठी

दिवाळीच्या आठवड्यात कंपन्यांच्या टेबलावर काजू-बदामाच्या खोक्यांची रास लागते. बहुतेक खोक्यांत एकच मजकूर सापडतो: ‘आपणांस व आपल्या कुटुंबीयांस दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा. येणारे वर्ष सुख-समृद्धीचे जावो.’ खाली कंपनीचा लोगो. नाव झाकलं, तर कोणी पाठवलं ते ओळखू येत नाही.

भोसरीतल्या एखाद्या छोट्या वर्कशॉपचं उदाहरण घेऊ. पुढचा मजकूर काल्पनिक आहे. ग्राहकाकडच्या स्टोअर इन्चार्जना खोका जायचाय. मालकाने लिहिलं:

‘स. न. वि. वि. जुलैच्या पावसात आमचा टेम्पो रात्री साडेनऊला पोचला. तुम्ही थांबून माल उतरवून घेतलात, हे आम्ही विसरलो नाही. तुम्हाला, घरच्यांना आणि स्टोअरमधल्या सगळ्यांना दिवाळीच्या शुभेच्छा. लोभ असावा.’

वर्षातला एक खरा प्रसंग सांगितला की चिठ्ठी त्याच माणसाची होते. ‘स्टोअरमधल्या सगळ्यांना’ हेही हवंच. खोका ऑफिसातच उघडतो आणि मूठ-मूठ वाटून संध्याकाळपर्यंत रिकामा होतो. प्रसंग मात्र जपून निवडावा. थकलेलं बिल, चालू टेंडर किंवा पुढच्या ऑर्डरीची आशा चिठ्ठीत आली, की भेटीला वेगळाच वास येतो. सवलतीचं पत्रकही आत सारू नये. ते नंतर पाठवता येतं.

शंभर खोके असतील तर शंभर पत्रं कोण लिहिणार? त्यावर सोपा उपाय म्हणजे शुभेच्छेची ओळ आणि कंपनीचं नाव छापून घ्यायचं, आणि वर नावापुरती व मध्ये दोन ओळींची जागा कोरी ठेवायची. पोस्टकार्डाएवढं जाड कार्ड पुरतं. व्हिजिटिंग कार्ड कप्प्यात हरवतं. कागद गुळगुळीत असेल तर जेल पेनची शाई फासते, म्हणून साधं बॉलपेन बरं. कार्ड सुक्या मेव्याला टेकलं तर तेलाचे डाग पडतात. ते वरच्या प्लॅस्टिकच्या झाकणावर, पाकिटात ठेवावं. छापायला देण्याआधी ‘दिवाळी’तली दि ऱ्हस्व आणि ‘दीपावली’तली दी दीर्घ आहे ना, तेवढं बघून घ्यावं. चूक शंभर वेळा छापली जाते.

यादी करतानाच एक खूण करून ठेवावी: कोणाच्या घरी वर्षभरात माणूस गेलं आहे. अशा घरी त्या वर्षी सण करत नाहीत, पण फराळ पोचवायची रीत आहे, तेव्हा खोका जायला हरकत नाही. शुभेच्छा मात्र नको. ‘यंदा तुमच्या घरी दिवाळी नाही, ठाऊक आहे. मुलांसाठी थोडा खाऊ पाठवतो आहे. काही लागलं तर हक्काने सांगा,’ एवढं पुरे. हे साध्या कार्डावर, हाताने लिहायचं आणि तो खोका राशीतून बाजूला काढून स्वतः बंद करायचा. नाहीतर पॅकिंग करणारा मुलगा सवयीने त्यात छापील कार्ड टाकतो.