नफा १५ लाख, रोकड ४ लाख

कारखान्याला वर्षात १५ लाखांचा नफा झाला, आणि बँकेतली शिल्लक मात्र १२ लाखांवरून ७ लाखांवर आली. हिशेब चोख असूनही असं होतं. पैसा कुठे गेला ते शोधायला रोजकीर्द लागत नाही. लागोपाठच्या दोन वर्षांचे ताळेबंद आणि मधल्या वर्षाचं नफा-तोटा पत्रक एवढं पुरतं. या रीतीला अप्रत्यक्ष पद्धत म्हणतात. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना सेबीने हीच पद्धत बंधनकारक केली आहे.

पंप बनवणारा एक छोटा कारखाना धरू. आकडे मी सोयीसाठी घेतलेले आहेत. करपूर्व नफा २० लाख, कर ५ लाख, म्हणून निव्वळ नफा १५. सुरुवात करायची ती करपूर्व २० लाखांपासून, कारण कर शेवटी वेगळा काढायचा असतो.

या २० लाखांपर्यंत येताना ६ लाखांचा घसारा खर्चात पडलेला आहे. पण घसाऱ्याचा चेक कुणाच्या नावाने निघत नाही, म्हणून तो परत मिळवायचा. व्याजाचे ४ लाख खरोखरच गेलेत, तरी तेही मिळवायचे, कारण आपल्याला धंद्याने कमावलेली रोकड हवी आहे आणि व्याज हा कर्जाच्या खात्याचा खर्च. तो पुढे तिकडे दिसेल. उलट, जुनं लेथ मशीन पुस्तकी २ लाखांचं असताना ३ लाखांना विकलं, त्यातला १ लाख नफ्यात बसला आहे. तो वजा करायचा. विक्रीचे पूर्ण ३ लाख गुंतवणुकीच्या भागात येणार आहेत. बेरीज झाली २९ लाख.

आता ताळेबंद शेजारी-शेजारी ठेवा. गिऱ्हाइकांकडची येणी ३० लाखांवरून ४८ वर गेली. म्हणजे १८ लाखांचा माल विकला गेला, नफ्यात धरला गेला, पैसे मात्र आलेच नाहीत. मालसाठा २५ वरून ३४ झाला, तिथे ९ लाख गोदामात अडकले. पुरवठादारांची देणी २० वरून २६ झाली. हे ६ लाख आपण अजून दिलेले नाहीत, म्हणून ते आपल्या बाजूने. २९ मधून १८ आणि ९ गेले, ६ आले, उरले ८.

कराचं देणं वर्षारंभी २ लाख होतं, वर्षाचा कर ५, अखेरीस देणं ३. म्हणजे भरला ४ लाख. आठातून चार गेले की व्यवसायातून आलेली रोकड हाती लागते: ४ लाख. सगळा घोळ उधारीचा, हे वाक्य गावातला कुठलाही दुकानदार सांगेल, पण उधारीने किती खाल्लं ते इथे आकड्यात दिसतं.

उत्तर पडताळून पाहता येतं. मशिनरी ताळेबंदात ६० वरून ७० झाली. घसाऱ्याचे ६ आणि विकलेल्या मशीनचे २ त्यात मिळवले की नवी खरेदी १८ लाखांची निघते. विक्रीचे ३ धरून गुंतवणुकीत गेले १५. कर्ज ४० वरून ५० झालं, व्याज ४ दिलं, म्हणजे कर्जाच्या बाजूने आले ६. चार, उणे पंधरा, अधिक सहा: उणे ५. बारातून पाच गेले, सात उरले. जुळलं.

लेथच्या नफ्याचा १ लाख वजा करायचा राहिला असता, तर इथे ७ ऐवजी ८ आले असते आणि चूक लगेच पकडली गेली असती. मात्र जुळलं म्हणजे बरोबर, असं समजू नका. समजा, देणी जी ६ लाखांनी वाढली त्यातले ५ लाख कच्च्या मालाचे नसून नव्या मशीनच्या पुरवठादाराचे आहेत. मग ते व्यवसायाच्या हिशेबात धरताच येत नाहीत. धंद्याची रोकड ४ लाखांऐवजी उणे १ लाख होते, आणि मशीनपोटी प्रत्यक्ष गेलेले पैसे १८ ऐवजी १३. एकूण बेरीज मात्र तीच, उणे ५! पडताळणीला ही चूक दिसतच नाही, कारण रक्कम हरवलेली नाही, फक्त चुकीच्या खान्यात बसली आहे.

म्हणून देण्यांचा आकडा वाढलेला दिसला की ताळेबंदामागच्या टिपा काढाव्यात. यंत्रसामग्रीच्या खरेदीपोटीची देणी तिथे वेगळी दाखवलेली असली तर ती आधी बाजूला काढायची आणि मगच वजाबाकी करायची. वेगळी दाखवलेली नसली आणि त्याच वर्षी मोठी मशीन खरेदी झाली असली, तर कोणत्या पुरवठादाराचं किती देणं आहे त्याची यादी हिशेबनिसाकडे मागावी.