गल्ल्याशेजारी लावायचा एक कागद

दुकानातले पैसे मालकाच्या खात्यात जमा होतात, पण माल ग्राहकाच्या हातात देतो तो काउंटरवरचा मुलगा किंवा मुलगी. बँकेचा मेसेज येतो मालकाच्या मोबाइलवर आणि मालक त्या वेळी बाजारात, घरी नाहीतर दुसऱ्या दुकानात असतो. खोटी पेमेंट दाखवणारे चोर नेमके या दोघांमधल्या अंतरात शिरतात. म्हणून कर्मचाऱ्यांसाठी सूचनांचा कागद करायचा असेल, तर त्यातलं पहिलं वाक्य मालकासाठी असायला हवं: पैसे आले की नाहीत हे काउंटरवरच्या माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता आलं पाहिजे. अनेक व्यापारी ॲपमध्ये कर्मचाऱ्याला फक्त व्यवहार पाहण्याची परवानगी देता येते. ते जमत नसेल, तर दुकानाच्या खात्याला जोडलेला एक साधा फोन काउंटरवरच ठेवावा. ही सोय नसेल, तर पुढच्या सगळ्या सूचना कागदावरच राहतात.

आता कागदावरची सर्वांत मोठ्या अक्षरांतली ओळ: ‘ग्राहकाच्या मोबाइलवर काय दिसतं ते पाहून माल देऊ नका.’

ओळ कठोर वाटते, पण तिच्यामागे कारण आहे. फोनपे, गुगल पे, पेटीएम यांच्यासारखी हुबेहूब दिसणारी नकली ॲप टेलिग्रामवरून पसरवली जातात. त्यात दुकानाचं नाव आणि रक्कम हाताने टाइप करायची, बटण दाबायचं, की हिरवी खूण येते, तारीख-वेळ येते, बारा आकडी व्यवहार क्रमांकही येतो. ‘हिस्टरी दाखवा’ म्हटलं, तर काही ॲप खोटी हिस्टरीही दाखवतात. ‘अमुक रुपये प्राप्त झाले’ हा साउंडबॉक्सचा आवाज ग्राहकाच्या खिशातल्या फोनमधूनही वाजवता येतो आणि गर्दीत तो कुठून आला हे कळत नाही. थोडक्यात, त्या स्क्रीनवर कितीही बारकाईने पाहिलं तरी खरं-खोटं ठरत नाही. रंग, अक्षरं, लोगो यांतला फरक कर्मचाऱ्यांना शिकवत बसण्यात अर्थ नाही. पुढच्या महिन्यात नकली ॲपमधला तो फरकही गेलेला असेल. दुकानाच्या ॲपमध्ये त्या रकमेची, त्या वेळेची नोंद दिसली की पैसे आले. नाही दिसली, तर आले नाहीत.

इथे एक खरी अडचण आहे आणि तिचं उत्तर कागदावर नसेल, तर कर्मचारी गोंधळतो. कधी कधी ग्राहक प्रामाणिक असतो, त्याच्या खात्यातून पैसे कापलेही जातात, पण दुकानात नोंद होत नाही. मागे रांग लागलेली असते, ग्राहक चिडतो, काउंटरवरचा मुलगा दबतो. अशा वेळी काय बोलायचं तेही लिहून द्यावं: ‘ताई, आमच्याकडे अजून जमा दाखवत नाहीये, दोन मिनिटं थांबता का?’ दोन मिनिटांत नोंद आली नाही, तर रोख किंवा दुसऱ्या खात्यावरून पैसे घ्यावेत आणि ग्राहकाचा व्यवहार क्रमांक वहीत उतरवून ठेवावा. पहिली रक्कम नंतर जमा झाली, तर ती परत करता येते. जमा झालीच नाही, तरी ग्राहकाचे पैसे बुडत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019च्या नियमानुसार, दुकानाला केलेलं यूपीआय पेमेंट असं अडकलं तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ते आपोआप परत जायला हवं. उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई आहे. कर्मचाऱ्याला हे माहीत असलं, की ‘माझे पैसे कापलेत, आता तुमची जबाबदारी’ या वाक्याला तो शांतपणे उत्तर देऊ शकतो.

समोर उभा असलेला चोर त्या मानाने सोपा. फोनवरून येणारा जास्त नुकसान करतो.

साताऱ्यातलं पेढ्यांचं एखादं दुकान डोळ्यांसमोर आणा. दुपारी फोन येतो. बोलणारा अगदी अदबीने सांगतो, ‘दादा, तीन किलो कंदी पेढे बांधून ठेवा, माणूस येऊन घेऊन जाईल, पैसे आत्ता पाठवतो.’ किलोला 520 रुपये, म्हणजे 1,560 रुपये झाले. मिनिटभरात दुकानाच्या मोबाइलवर मेसेज येतो: खात्यात 15,600 रुपये जमा. लगेच पुन्हा फोन: ‘अहो, घाईत एक शून्य जास्त पडलं. मुलीला दवाखान्यात ॲडमिट केलंय, तिथे पैसे भरायचेत. तुमचे 1,560 ठेवा आणि उरलेले 14,040 याच नंबरवर पाठवा ना.’ मुलगा मेसेज पुन्हा वाचतो. त्यात बँकेचं नाव आहे, खात्याचे शेवटचे आकडे आहेत, रक्कम आहे. तो 14,040 पाठवतो. पेढे न्यायला कोणीही येत नाही, कारण 15,600 कधी आलेच नव्हते. तो मेसेज चोराने स्वतः टाइप करून पाठवलेला असतो.

हा मेसेज ओळखायचा कसा? तो कोणाकडून आला ते आधी पाहावं. बँकेचा एसएमएस दहा आकडी मोबाइल नंबरवरून येत नाही. त्याच्या वर `AX-SBIUPI-S` अशा धाटणीचं नाव असतं: सुरुवातीची दोन अक्षरं मोबाइल कंपनी आणि विभागाची, मधली बँकेची, आणि 2025पासून शेवटी एक अक्षर. `S` म्हणजे सेवा, `T` म्हणजे व्यवहार, `P` म्हणजे जाहिरात, `G` म्हणजे सरकारी. खात्यात पैसे जमा झाल्याचा निरोप साध्या मोबाइल नंबरवरून आला, तर तो खोटा समजावा. बँकेचा लोगो लावलेल्या व्हॉट्सॲप खात्यावरून आलेल्या निरोपावरही माल देऊ नये. मात्र हा नियम उलटा वापरायचा नाही. वरचं नाव बरोबर दिसतंय म्हणून पैसे आलेच, असं धरून चालू नये. मेसेज चोरी पकडायला उपयोगी पडतो, पैसे आल्याचा पुरावा म्हणून नाही. पुरावा दुकानाच्या ॲपमधली नोंद किंवा खात्यातली शिल्लक.

म्हणून कागदावरची दुसरी मोठी ओळ: ‘जास्त आलेले पैसे काउंटरवरून कोणालाही परत पाठवायचे नाहीत. मालकांना फोन करायचा.’ ज्याच्याकडून खरोखर चुकून पैसे गेलेत, त्याला स्वतःच्या बँकेत तक्रार करून ते मागता येतात. समोरचा रडकुंडीला आला तरी दुकानातल्या मुलाने तो निर्णय स्वतःवर घ्यायचा नाही, आणि मालकाने तो त्याच्यावर टाकायचाही नाही.

याच प्रकाराचं आणखी एक रूप हॉटेलवाल्यांना आणि किराणावाल्यांना चांगलंच माहीत आहे. फोन करणारा स्वतःला लष्करातला सांगतो, कॅम्पसाठी मोठी ऑर्डर देतो, गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र पाठवतो. मग म्हणतो, ‘आमचं पेमेंट वेगळ्या पद्धतीने होतं. मी क्यूआर पाठवतो, तो तुम्ही स्कॅन करा, पैसे तुम्हाला येतील.’ विश्वास बसावा म्हणून आधी पाच-दहा रुपये खरेच पाठवतो. पुढच्या क्यूआरवर रक्कम मोठी असते आणि ॲप पिन मागतं. कागदावर इथे एकच वाक्य पुरतं: ‘पैसे घेताना पिन कधीच लागत नाही; पिन मागितला म्हणजे पैसे जाणार आहेत.’

दुकानाचा स्वतःचा क्यूआरही रोज तपासावा लागतो. जानेवारी 2025मध्ये मध्य प्रदेशातल्या खजुराहोत चोरांनी रात्रीतून पेट्रोल पंप आणि दुकानांबाहेरच्या क्यूआरवर स्वतःचे क्यूआर चिकटवले. ग्राहक पैसे देत राहिले आणि ते तिसऱ्याच खात्यात गेले. यात ग्राहकाच्या फोनवरची हिरवी खूण अगदी खरी असते, म्हणून ती पाहणाऱ्याला काही कळत नाही. सकाळी शटर उघडल्यावर कर्मचाऱ्याने स्वतःच्या फोनने क्यूआर स्कॅन करून नाव वाचावं आणि पैसे न पाठवता बाहेर यावं. तिथे दुकानाच्या पाटीवरच्या नावाऐवजी मालकाचं बँकेतलं नाव दिसू शकतं, म्हणून नेमकं कोणतं नाव दिसायला हवं ते कागदावर अक्षर न् अक्षर लिहून ठेवावं.

पार्सलचे मेसेज वेगळ्या वाटेने येतात. दुकानात रोज कुरिअर येतं, ट्रान्सपोर्टचा माल येतो, त्यामुळे ‘तुमचं पार्सल गोदामात आलं आहे, पत्ता अपुरा आहे, ठरावीक तासांत लिंकवर जाऊन पत्ता भरा’ हा मेसेज खरा वाटतो. टपाल खात्याच्या नावाने फिरणारा असा मेसेज खोटा असल्याचं पीआयबीच्या फॅक्ट चेक विभागाने सांगितलेलं आहे. पत्ता भरून घेण्यासाठी टपाल खातं अशा लिंक पाठवत नाही. लिंक उघडली, की पुन्हा डिलिव्हरी करण्यासाठी अगदी किरकोळ शुल्क मागितलं जातं. चोराला ते शुल्क नको असतं. ते भरताना टाकलेला कार्डाचा नंबर आणि ओटीपी हवा असतो. उपाय गल्ल्याजवळच आहे: येणाऱ्या मालाची वही. कोणाकडून काय यायचं आहे आणि बिल्टीचा किंवा डॉकेटचा नंबर काय, हे त्यात असलं की मेसेज आल्यावर वही पाहायची. मेसेजमधल्या लिंकला हात न लावता पुरवठादाराला नेहमीच्या नंबरवर फोन करायचा. व्हॉट्सॲपवर `.apk` ने संपणारी फाइल आली, तर ती डिलिव्हरीची पावती आहे असं सांगितलं तरी उघडायची नाही. ते फोनमध्ये शिरणारं ॲप असतं.

सगळ्यांत फसवा आहे तो डिलिव्हरी बॉयचा फोन. ‘मी चौकात आलोय, पत्ता सापडत नाही, ऑफिसला कळवायला हा कोड डायल करा’ असं म्हणून तो `*21*` किंवा `*401*` ने सुरू होणारा, मध्ये एक मोबाइल नंबर आणि शेवटी `#` असलेला कोड देतो. तो लागू झाला, की दुकानाच्या नंबरवर येणारे सगळे फोन चोराकडे वळतात. व्हॉट्सॲपचा पडताळणी कोड फोन करून सांगितला जाऊ शकतो. तो फोन आता चोर उचलतो, दुकानाचं व्हॉट्सॲप ताब्यात घेतो आणि ओळखीच्या व्यापाऱ्यांकडे पैसे मागू लागतो. चुकून असा कोड दाबला गेलाच, तर लगेच `##002#` डायल करावं. वळवलेले सगळे कॉल त्याने बंद होतात.

कागदाच्या तळाशी ठळक अक्षरांत 1930 हा राष्ट्रीय सायबर मदत क्रमांक आणि `cybercrime.gov.in` हा पत्ता लिहावा. पैसे गेल्याचं लक्षात येताच आधी 1930ला फोन, मग बाकीची धावपळ. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात भराभर हलवतो आणि ते कुठल्या तरी खात्यात असेपर्यंतच अडवता येतात. फोनवर खातं, रक्कम, वेळ आणि बारा आकडी व्यवहार क्रमांक विचारतात, म्हणून शोधाशोध होऊ नये यासाठी दुकानाच्या बँकेचं नाव आणि शाखा आधीच लिहिलेली असावी. खात्याचा पूर्ण क्रमांक मात्र भिंतीवर नको, शेवटचे चार आकडे पुरेत.

कागद एका पानाचा, मराठीत, आणि दुकानात हिंदी बोलणारी मुलं कामाला असतील तर मागच्या बाजूला हिंदीत. त्याखाली मालकाने सही करून आणखी एक ओळ लिहावी: ‘नोंद दिसली नाही म्हणून ग्राहकाला थांबवलं, तर कोणाचाही पगार कापला जाणार नाही आणि कोणाला बोल लावला जाणार नाही.’