सुगंधाचं शास्त्र (भाग 6) : कपडे वाळत नाहीत, मग अत्तर का उडतं?

जुलैत द्रोणागिरीच्या इमारतींमधून फेरी मारली तर गॅलऱ्यांतल्या दोऱ्यांवर कालचेच कपडे दिसतात. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला बंदर, वरून कोकणचा पाऊस. हवेत आधीच इतकं पाणी भरलेलं असतं की जीन्समधलं पाणी हवेत जायला तयारच नसतं. आणि त्याच घरातून सकाळी कोलन मारून निघालेला माणूस उरणची लोकल पकडून बेलापूरला उतरतो, तेव्हा त्याच्या अंगावर त्या वासाचा मागमूसही उरलेला नसतो. पाणी दोन दिवस उडत नाही आणि सुगंध तासाभरात उडतो, हे कसं?

याचं उत्तर वायूंच्या एका जुन्या नियमात आहे. हवेत मिसळलेली प्रत्येक वाफ आपला हिशेब स्वतंत्र ठेवते. हवा पाण्याच्या वाफेने तुडुंब भरली, म्हणून ती लिंबाच्या वासाने भरलेली नसते. त्या वासासाठी ती जवळजवळ रिकामीच असते. त्यामुळे दमट हवा कपड्यातल्या पाण्याला अडवते, सुगंधाला अडवत नाही. पण म्हणून ती सुगंधाला उडवते असंही नाही. अत्तर उडवण्याचं काम उष्णतेचं. दमटपणाचा हात त्यात आहे, पण तो आडून आहे, आणि तो समजला की उन्हाळ्यात काय लावावं आणि पावसाळ्यात काय, हे बरंचसं आपोआप ठरतं.

आधी उष्णतेकडे पाहू. मे महिन्यातली सकाळ, आठ वाजलेत. कोणीतरी गळ्याशी कोलनचा एक फवारा मारला. एका फवाऱ्यात साधारण 0.1 मिलिलिटर द्रव येतो. कोलनमध्ये सुगंधी तेलांचं प्रमाण जेमतेम दोन ते पाच टक्के, म्हणजे अंगावर आलं फार तर चार-पाच मिलिग्रॅम तेल. बाकी सारं अल्कोहोल आणि थोडं पाणी. अल्कोहोल मिनिटभरात जातं. तो थंडावा, ज्याच्यासाठी एके काळी घरोघरी तापात कपाळावर कोलनवॉटरची पट्टी ठेवत, तो त्याचाच. मग पाळी येते लिमोनीनची. संत्र्याच्या सालीच्या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त तेच असतं. हा रेणू लहान आणि हलका, म्हणून तो झपाट्याने सुटतो. लॅव्हेंडरमधला लिनालूल त्याच्यामागून, जरा सावकाश. आणि तळाशी राहतात कस्तुरीच्या वासाची जड द्रव्यं. त्यांतलंच एक टोनालिड. मुंबईत 1922 पासून सुगंध बनवणाऱ्या एस. एच. केळकर कंपनीने नेदरलँड्समधली एक सुगंधी द्रव्यांची कंपनी विकत घेतली, तिच्याबरोबर हे नाव एका मराठी घराण्याच्या उद्योगाकडे आलं. लिमोनीन आणि टोनालिड यांच्या उडण्याच्या ओढीत हजारो पटींचा फरक आहे. म्हणून एक अर्ध्या तासात जातं आणि दुसरं दुसऱ्या दिवशी शर्टाच्या कॉलरवर सापडतं.

आता तापमान 25 वरून 35 अंशांवर नेलं, तर लिमोनीनची उडण्याची ओढ जवळजवळ दुप्पट होते. जड कस्तुरीगंधी द्रव्यांची मात्र अडीच-पावणेतीन पट होते. हे अनेकांना उलटं वाटेल. जड द्रव्यं मुळात इतकी मंद असतात की तिप्पट वेगानेही ती लवकर संपत नाहीत. पण एरवी हळूहळू येणारा त्यांचा वास उकाड्यात एकदम अंगावर येतो. उन्हाळ्यातली दोन्ही गाऱ्हाणी यातून निघतात. लिंबूवर्गी वास टिकत नाही, आणि व्हॅनिला, ऊद किंवा अंबरचा वास सोसत नाही. डिसेंबरात ज्या अत्तराची शेजारचा माणूस चौकशी करतो, त्याच अत्तराने मे महिन्यात लोकलच्या डब्यात त्याचं डोकं दुखतं. अत्तर तेच असतं, फक्त तळाचा वास वाढलेला असतो.

मग दमटपणा काय करतो? तो घामाला उडू देत नाही. नागपूरचा मे आणि द्रोणागिरीचा मे शेजारी ठेवून पाहावा. नागपुरात पारा 45 ला टेकतो, पण हवा कोरडी असते. घाम आला तसा उडतो, उडताना त्वचेची उष्णता घेऊन जातो, आणि अत्तराचा जड भाग त्वचेवरच राहतो. द्रोणागिरीत पारा 33-34 च्या आसपासच असतो, पण घाम उडत नाही. त्वचा गरमच राहते आणि घाम ओघळतो. मग हात रुमालाकडे जातो. सुगंधी तेलं पाण्यात फारशी विरघळत नाहीत, त्यामुळे घाम त्यांना विरघळवून नेत नाही. पण त्वचेवर घामाचा थर आला की ती सैल सुटतात आणि रुमालाच्या एका फटक्यात निघून जातात. टोनालिडसारखी द्रव्यं हवेत उडायला दिवसाहून जास्त घेतील, पण ती रुमालात जायला एक क्षण लागतो. कंटेनर यार्डात दिवसभर उभं राहणाऱ्या माणसाने कितीही महागडं अत्तर गळ्याला लावलं, तरी ते संध्याकाळी त्याच्या रुमालावरच सापडेल.

तिसरं कारण बाटलीत नाही, नाकात आहे. तोच वास सतत येत राहिला की नाक काही मिनिटांत त्याची दखल घेणं सोडतं. आपल्याला वास येत नाही म्हणून माणूस पुन्हा फवारे मारतो, आणि शेजाऱ्याला आधीचेही येत असतात नि नवेही.

या तिन्हींतलं आपल्या बाबतीत कोणतं खरं, हे ओळखता येतं. सकाळी एक फवारा मनगटावर आणि एक स्वच्छ सुती रुमालावर मारावा. रुमाल घडी करून खिशात नव्हे, तर बॅगेत, घामापासून दूर ठेवावा. तीन तासांनी बाहेरच्या हवेत पाच मिनिटं थांबून आधी रुमाल हुंगावा, मग मनगट. दोन्हीकडे वास नसेल तर अत्तरच हलकं आहे, त्यात तळाचं काही नाही. रुमालाला आहे आणि मनगटाला नाही, तर त्वचा आणि घाम यांनी ते नेलं. दोन्हीकडे नाही असं वाटतंय, पण शेजारी म्हणतो की येतोय, तर नाक थकलंय आणि अत्तराला दोष देण्यात अर्थ नाही.

उन्हाळ्यासाठी मग काय? निव्वळ लिंबूवर्गी कोलन लावायचं तर ते तासाभराचं आहे हे मान्य करून लावावं. लहान बाटली जवळ ठेवून दुपारी पुन्हा मारावं. त्यात कमीपणा नाही, कोलन मुळात असंच वापरलं जायचं. टिकाऊ हवं असेल तर ज्यात वर लिंबू आणि खाली काहीतरी जड पण कोरडं आहे, असं शोधावं. 1966 साली एडमंड रुडनित्स्का यांनी दिओर कंपनीसाठी केलेलं ‘ओ सोव्हाज’ याचं उत्तम उदाहरण आहे. त्यात लिंबाखाली हेडिओन हे मोगरा-जाईच्या कुळातलं, पण पारदर्शक वाटणारं द्रव्य वापरलं. लिंबू गेल्यावरही ताजेपणाचा भास राहतो, आणि उकाड्यात जीव गुदमरत नाही.

आपल्याकडे हेच काम वाळा करत आलाय. वाळ्याच्या मुळांतले रेणू लिमोनीनच्या दीडपट मोठे, जड आणि मंद. म्हणजे शास्त्राच्या हिशेबाने ते हिवाळी अत्तराच्या पंक्तीत बसायला हवेत. पण त्यांचा वास गोड नाही. ओल्या मुळांचा, थोडा धुरकट, मातकट आहे. उकाड्यात तो वाढला तरी अंगावर येत नाही. टिकतो आणि तरी थंड वाटतो, असं दुसरं द्रव्य सहज सापडत नाही. (वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून घर थंड करण्याची विदर्भातली युक्ती मात्र उरणच्या बाजूला चालणार नाही. ती कोरड्या हवेवर उभी आहे.)

अत्तर, म्हणजे अल्कोहोल नसलेलं, हे अशा हवेला अधिक सोयीचं. एका थेंबात तीसेक मिलिग्रॅम द्रव येतो आणि अस्सल अत्तरात तो सगळा तेलाचाच असतो. जुन्या पद्धतीत त्याला चंदनाच्या तेलाचा पाया असे, आणि तो पाया वरच्या हलक्या वासालाही धरून ठेवी. आता बाजारात पुष्कळ अत्तरांचा पाया स्वस्त द्रावकांचा असतो. घेताना हातावर लावून दुकानातून बाहेर पडावं आणि तासाभराने परत यावं. तिथल्या तिथे हुंगून निर्णय घेऊ नये. थेंब कानामागे लावण्यापेक्षा कापसाच्या फायावर घेऊन तो कानाच्या पाळीच्या वरच्या खोबणीत ठेवणं शहाणपणाचं, तिथे रुमाल पोचत नाही. जुन्या लोकांनी ही जागा उगाच निवडली नव्हती.

पावसाळ्याचा हिशेब वेगळा. तापमान मे महिन्यापेक्षा तीनेक अंशांनी उतरलेलं असतं, त्यामुळे उडणं मंदावतं आणि जरा जड वास चालून जातात. नुकसान होतं ते पावसाने आणि रेनकोटच्या आत साठलेल्या घामाने. शिवाय एक नवा प्रश्न येतो: अर्धवट वाळलेल्या कपड्यांचा कुबट वास. तो मोराक्सेला नावाच्या जिवाणूंमुळे येतो, आणि त्याच्यावर अत्तर मारलं तर दोन्ही वास एकमेकांत मिसळून आणखी वाईट होतात. आधी कपडे कडक गरम पाण्यात भिजवावेत, मग सुगंधाचं बघावं. स्वच्छ सुती कपड्यावर मारलेलं अत्तर मात्र पावसाळ्यात वेगळी गंमत दाखवतं. धागा दमट झाला की पाण्याचे रेणू त्यातल्या सुगंधाची जागा घेतात, आणि सकाळचा वास दुपारी पुन्हा वर येतो.

म्हणून पावसाळ्यात कपड्यावर आणि त्वचेवर थोडं थोडं विभागून लावावं. वाळा इथेही चालतो. मातीचं अत्तर, जे कनौजला भाजलेली माती उकळून चंदनाच्या तेलात उतरवतात, तेही शोभतं. फक्त बाहेर खरा पाऊस पडत असताना ते जवळजवळ कळतच नाही, म्हणून ते पावसाने उघडीप दिलेल्या दिवसासाठी राखावं. वेलची, आलं, मिरी अशा मसाल्याच्या हलक्या छटाही या हवेत खुलतात. ज्याँ-क्लोद एलेना यांनी 2008 साली एर्मेससाठी केरळच्या पावसावर बेतलेल्या अत्तरात त्याच वापरल्या. गोड, दुधाळ, व्हॅनिलाचे वास मात्र बंद डब्यात जुलैतही नकोसे होतात.

शेवटी बाटलीविषयी. लिंबूवर्गी अत्तर बाथरूमच्या शेल्फावर किंवा खिडकीत ठेवू नये. उष्णता, उजेड आणि हवा यांनी लिमोनीन बिघडतं. ताज्या सालीचा वास जाऊन टर्पेंटाइनसारखा वास येतो आणि रंग गडद होतो. असं बिघडलेलं द्रव्य त्वचेला खाज आणि पुरळ आणू शकतं. झाकण लावून कपाटात, अंधारात ठेवावं, आणि टर्पेंटाइनचा वास आला की त्या बाटलीतलं अंगाला लावू नये.