एक लांब प्रॉडक्ट व्हिडिओ, तीन उभ्या आवृत्त्या: रील, शॉर्ट आणि स्टेटससाठी नेमकं काय कापायचं?

घरगुती व्यवसाय करणाऱ्या अनेकांकडे आपल्या वस्तूचा एक मोठा, आडवा व्हिडिओ असतो. यूट्यूबसाठी मेहनतीने शूट केलेला, पाच-सात मिनिटांचा. मग प्रश्न येतो की हाच व्हिडिओ इन्स्टाग्राम रील, यूट्यूब शॉर्ट आणि व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर कसा टाकायचा? बरेच जण मधला तुकडा उचलतात, उभा क्रॉप करतात आणि तीच फाइल सगळीकडे टाकतात. असं केल्यावर व्हिडिओ छोटा होतो खरा, पण त्यातला दावाही बदलू शकतो. काय ठेवायचं आणि काय काढायचं, हे एका उदाहरणातून पाहू.

आपलं उदाहरण: न सांडणारा डबा

समजा, तुम्ही स्टीलचा टिफिन विकता. झाकणाला सिलिकॉनची रिंग आणि चार क्लिपा आहेत. मूळ व्हिडिओ 6 मिनिटं 20 सेकंदांचा आहे आणि 4K मध्ये आडवा शूट केलेला आहे. एडिटिंग अ‍ॅप उघडण्याआधी तो एकदा सलग बघा आणि वहीत वेळा लिहून काढा:

- 0:00 ते 0:38: नमस्कार, ओळख, लोगो
- 0:38 ते 1:50: डब्याचे भाग, रिंग आणि क्लिपा
- 1:50 ते 2:40: जुना डबा आणि नवा डबा शेजारी शेजारी
- 2:40 ते 3:35: आमटी भरून डबा पांढऱ्या रुमालावर उलटा धरणं
- 3:35 ते 4:20: काय भरू नये
- 4:20 ते 5:20: रिंग काढून धुणं
- 5:20 ते 6:20: साइझ, किंमत, ऑर्डर

आता या यादीत दोन गोष्टींवर खूण करा. पहिली म्हणजे पुरावा, इथे डबा उलटा धरण्याची चाचणी. दुसरी म्हणजे मर्यादा: उकळता पदार्थ भरून लगेच झाकण लावू नये, कारण आत वाफ कोंडते आणि थंड झाल्यावर झाकण घट्ट बसून उघडत नाही. सोडाही भरू नये, कारण गॅसचा दाब झाकणावर येतो. हे दोन भाग प्रत्येक आवृत्तीत राहणार. बाकीचं वेळेप्रमाणे येईल किंवा जाईल.

पुरावा मधेच कापू नका

चाचणीच्या 55 सेकंदांत आमटी ओतणं आहे, क्लिपा लावणं आहे, बोलणं आहे. त्यातला शेवटची क्लिप लागल्यापासून डबा उलटा करून, हलवून, कोरडा रुमाल दाखवेपर्यंतचा भाग साधारण 14 सेकंदांचा आहे असं धरू. हे 14 सेकंद अखंड ठेवा. मधे एक जरी कट आला, तरी बघणाऱ्याला वाटतं की तेवढ्यात डबा बदलला किंवा रुमाल पुसला. स्पीड वाढवणंही टाळा. आमटी ओतण्याचा भाग मात्र खुशाल गाळा. आत काय आहे हे दाखवायला, डबा उघडून आमटी दिसते तो एक सेकंद रुमालानंतर जोडा.

तीन आवृत्त्यांचा हिशेब

यूट्यूब शॉर्ट, 59 सेकंद. ऑक्टोबर 2024 पासून शॉर्ट 3 मिनिटांपर्यंतचा चालतो. तरीही एका मिनिटाच्या आत राहण्याचं एक ठोस कारण आहे: एका मिनिटापेक्षा मोठ्या शॉर्टवर कंटेंट आयडीचा दावा लागू असेल, म्हणजे त्यातलं गाणं दुसऱ्याच्या हक्काचं निघालं, तर तो ब्लॉक होतो. शॉर्टवर तुम्हाला न ओळखणारे लोक येतात, म्हणून इथे कारणही सांगावं लागतं. चाचणी 15 सेकंद, रिंग आणि क्लिपा कसं काम करतात 15, जुना-नवा तुलना 10, मर्यादा 8, रिंग धुणं 6, ऑर्डर 5.

इन्स्टाग्राम रील, 35 सेकंद. जानेवारी 2025 पासून इथेही 3 मिनिटांची मुभा आहे, पण या वस्तूला एवढा वेळ लागत नाही. चाचणी 15, रिंगचा क्लोजअप 9, मर्यादा 6, ऑर्डर 5.

व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस, 25 सेकंद. स्टेटस बघणारे तुम्हाला ओळखतात. त्यांचा प्रश्न "केवढ्याला?" हाच असतो. चाचणी 15, मर्यादा 5, साइझ आणि किंमत 5. स्टेटसची कालमर्यादा पूर्वी 30 सेकंदांची होती, पुढे वाढत गेली. ज्यांच्याकडे जुनं अ‍ॅप आहे त्यांचा विचार करून 30 च्या आत राहिलेलं बरं.

तिन्हीकडे सुरुवात चाचणीनेच आहे आणि नमस्कार-लोगोचे 38 सेकंद तिन्हीकडून गेले.

मराठीत "नका" शेवटी येतो

मर्यादेचा भाग मूळ व्हिडिओत 45 सेकंदांचा आहे. तो कापून 5 सेकंदांचा करता येत नाही. आपल्या भाषेत नकार वाक्याच्या शेवटी असतो: "उकळती आमटी भरून लगेच झाकण लावू नका." बोलताना हा शेवटचा शब्द आपण हळू म्हणतो. टाइमलाइनवर आवाजाची लाट तिथे बारीक दिसते, आणि ती शांतता समजून हात तिथेच कट मारतो. उरतं "लगेच झाकण लावू". म्हणजे अर्थ बरोबर उलटा झाला! शांत जागा आपोआप काढून टाकणारं फीचर वापरलं तर हा धोका अजून वाढतो.

म्हणून मर्यादेचं वाक्य प्रत्येक लांबीसाठी नव्याने रेकॉर्ड करा. फोन तोंडापासून वीतभर लांब, पंखा बंद. 5 सेकंदांसाठी "उकळता पदार्थ आणि सोडा यात भरू नका" एवढंच पुरतं. शेवटच्या शब्दानंतर साधारण पाव सेकंद मोकळा सोडा. बरेच जण व्हिडिओ आवाज बंद ठेवून बघतात, त्यामुळे हेच वाक्य स्क्रीनवरही लिहा, आणि मराठीतच लिहा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्र सरकारने 2022 मध्ये मार्गदर्शक तत्त्वं आणली. त्यांनुसार दावा ज्या भाषेत आहे, त्याच भाषेत त्याची सूचनाही द्यावी लागते. मोठ्या व्हिडिओत सांगितलं होतं, ही सबब 25 सेकंदांचं स्टेटस बघून डबा घेणाऱ्याला काय कामाची?

आडव्याचं उभं करताना

आडवी फ्रेम 16:9 असते, उभी 9:16. पूर्ण उंची ठेवली तर मूळ रुंदीचा जेमतेम एक तृतीयांश भाग उरतो. 4K फ्रेम 3840 पिक्सेल रुंद असते, त्यातून 1215 पिक्सेलची उभी पट्टी मिळते आणि ती 1080 × 1920 च्या व्हिडिओला पुरते. मूळ व्हिडिओ फुल एचडी असेल तर पट्टी फक्त 607 पिक्सेलची. ती ताणून मोठी करावी लागते आणि चित्र मऊ, धुरकट दिसतं. झाकणावरची अक्षरं आडव्या व्हिडिओत वाचता येतात पण उभ्यात नाही, असं झालं तर कारण हेच. तो एक शॉट फोन उभा धरून परत घ्या, दुसरा इलाज नाही.

विएन किंवा इनशॉटसारख्या अ‍ॅपमध्ये कॅनव्हास आधी 9:16 करा आणि मग प्रत्येक क्लिप वेगळी सरकवून जागेवर बसवा. सगळ्या क्लिपांना मधला भाग लावून मोकळं होऊ नका. चाचणीचा शॉट उभ्यात छान बसतो, कारण हात, डबा आणि रुमाल एकाखाली एक आहेत. अडतो तो तुलनेचा शॉट. दोन डबे शेजारी शेजारी असल्यामुळे पट्टीत एकच मावतो. अशा वेळी तीच क्लिप दोनदा घ्या. वरच्या अर्ध्यात जुना डबा, खालच्या अर्ध्यात नवा. दोन्ही एकाच क्षणाला सुरू करा, म्हणजे वरचा गळताना आणि खालचा कोरडा एकदमच दिसेल.

मजकूर कुठे ठेवायचा? रीलच्या खालच्या भागावर नाव, कॅप्शन आणि गाण्याची पट्टी येते, उजवीकडे लाइक-शेअरची बटणं. रील जाहिरातींसाठी मेटा वरची 14 टक्के आणि खालची सुमारे 35 टक्के जागा मोकळी ठेवायला सांगतं. हाच हिशेब तिन्ही आवृत्त्यांना लावा. "सोडा भरू नका" ही ओळ अगदी तळाशी लिहिली तर ती कॅप्शनमागे जाते, म्हणजे लिहून न लिहिल्यासारखीच.

संगीत आणि वॉटरमार्क

मूळ व्हिडिओत आवाजाखाली गाणं मिसळलेलं असेल तर प्रत्येक कटला गाणं उडी मारतं. म्हणून जुन्या प्रोजेक्टमध्ये जाऊन संगीताचा ट्रॅक बंद करा आणि फक्त बोलण्याचा आवाज असलेली, मजकूर नसलेली एक स्वच्छ फाइल काढून ठेवा. सगळे कट त्या फाइलवरून करा. संगीत हवं असेल तर शेवटी, प्रत्येक आवृत्तीला वेगळं लावा.

आणि रील डाउनलोड करून शॉर्टवर, किंवा शॉर्ट उतरवून रीलवर टाकू नका. त्यावर दुसऱ्या अ‍ॅपचा लोगो येऊ शकतो, आणि असा लोगो दिसणारे व्हिडिओ इन्स्टाग्राम नव्या लोकांना कमी सुचवतं. अपलोड नेहमी एडिटिंग अ‍ॅपमधून काढलेल्या फाइलचंच करा.

टाकण्याआधीची तपासणी

एक्स्पोर्ट झालेली फाइल फोनवर तीनदा बघा. पहिल्यांदा आवाज बंद करून: डबा कशाचा, आणि काय भरायचं नाही, हे दोन्ही कळतं का? दुसऱ्यांदा स्क्रीन न बघता फक्त ऐका: प्रत्येक "नका" आणि "नाही" पूर्ण ऐकू येतो का? तिसऱ्यांदा मूळ व्हिडिओ न पाहिलेल्या घरातल्या कुणाला तरी दाखवा आणि एकच विचारा, "यात उकळती आमटी भरून लगेच बंद करता येईल का?" उत्तर "हो" आलं तर फाइल टाकू नका. ऑर्डरच्या पाच सेकंदांतून वेळ काढा, मर्यादेचं वाक्य मोठं करा, आणि मगच अपलोड करा.